सूचनापेटी दुसऱ्या महिन्यात का रिकामी राहते?

कारखान्यात सूचनापेटी बसवली की पहिल्या महिन्यात ती बहुधा भरते. उद्घाटन झालेले असते, साहेबांचे भाषण झालेले असते, सर्वोत्तम सूचनेला मिळणाऱ्या भेटवस्तूचा फोटो कॅन्टीनच्या भिंतीवर लागलेला असतो. शिवाय माणसांच्या मनात दोन-चार वर्षांचे साचलेले असते, तेही बाहेर पडते. दुसऱ्या महिन्यात चिठ्ठ्या निम्म्याने कमी होतात आणि सहाव्या महिन्यात पेटीचे कुलूप उघडायची किल्ली कोणाकडे आहे तेच सापडत नाही. मग वरच्या मजल्यावर निष्कर्ष निघतो: लोकांना रस नाही.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि तो कसा चुकतो हे साध्या हिशेबाने दिसते. समजा, भोसरी किंवा चाकणच्या बाजूला 120 माणसांचा सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. पहिल्या महिन्यात 70 सूचना आल्या. त्या तपासायला समिती आहे: प्रॉडक्शन मॅनेजर, मेंटेनन्सचा प्रमुख, अकाउंट्सचे एक, एचआरचे एक. ही मंडळी महिन्यातून एकदा तासभर बसतात. एका सूचनेला पाच मिनिटे धरली, तर एका बैठकीत बारा सूचना होतात. उरल्या 58. दुसऱ्या महिन्यात सूचना घटून वीसच आल्या, तरी त्यातल्या बारा निकालात काढून ढीग 66 वर जातो. म्हणजे उत्साह ओसरत असतानाही थकबाकी वाढतच राहते. पहिल्याच आठवड्यात चिठ्ठी टाकलेल्या, पण ढिगाच्या तळाशी गेलेल्या माणसाला उत्तर मिळायला सहा महिने लागणार.

त्या पहिल्या बारांपैकी सात मंजूर झाल्या असे धरू. त्या अमलात आणायचे काम मेंटेनन्सकडे जाते, आणि मेंटेनन्सची माणसे बंद पडलेल्या मशीनच्या मागे धावत असतात. महिनाअखेर तीन कामे पूर्ण होतात. 70 जणांनी लिहिले, तिघांना काही घडलेले दिसले. बाकीच्या 67 जणांना काहीच घडलेले दिसले नाही, आणि त्यातल्या 58 जणांना तर ना होकार मिळाला, ना नकार. पुन्हा कोण लिहील?

तेव्हा अडचण निकालाच्या जागेची आहे. सगळ्या सूचना एकाच खोलीत, एकाच समितीसमोर, एकाच ठरलेल्या दिवशी जात असतील, तर योजना जितकी यशस्वी होईल तितकी ती लवकर तुंबेल.

या बाबतीत टोयोटाचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते देण्यासारखेच आहे. फक्त त्यातला महत्त्वाचा भाग बहुधा सुटतो. टोयोटाला ही कल्पना घरची नव्हती. 1950 साली एजी टोयोदा अमेरिकेत फोर्डचे कारखाने पाहायला गेले, त्यांच्या पाठोपाठ कंपनीचे शोइची सायतोही गेले. फोर्डमध्ये कामगारांकडून सूचना घेण्याची पद्धत त्यांनी पाहिली आणि 1951 मध्ये ती आपल्याकडे सुरू केली. अमेरिकेत त्याआधीही अशा योजना होत्या. छायाचित्रणाच्या फिल्म बनवणाऱ्या ईस्टमन कोडॅकने 1898 मध्येच सूचना मागवायला सुरुवात केली होती. तिथले पहिले बक्षीस दोन डॉलरचे होते, आणि सूचना होती खिडक्या धुण्याची, म्हणजे कामाला उजेड नीट मिळेल.

टोयोटात पहिल्या वर्षी 789 सूचना आल्या. त्यातल्या स्वीकारल्या गेल्या जेमतेम पाव. म्हणजे सुरुवात आपल्याकडच्या कोणत्याही सूचनापेटीसारखीच झाली. पस्तीस वर्षांनी, 1986 मध्ये, वर्षाला 26 लाखांहून जास्त सूचना येत होत्या, माणशी सत्तेचाळीसच्या वर, आणि त्यातल्या सुमारे 96 टक्के स्वीकारल्या जात होत्या.

26 लाखांचा आकडा पाहून लोक थक्क होतात. मला 96 टक्क्यांचा आकडा जास्त बोलका वाटतो. दर शंभरातल्या शहाण्णव सूचना चांगल्याच निघतील, इतकी हुशार माणसे जगातल्या कोणत्याही कारखान्यात नसतात. हा आकडा शक्य होतो, कारण तिथे बहुतेक सूचना कागदावर येतात तेव्हा त्या आधीच करून पाहिलेल्या असतात. कामगाराला काही सुचले की तो आपल्या गटप्रमुखाशी बोलतो, दोघे मिळून तो बदल तिथल्या तिथे करून बघतात, उपयोग झाला तर मग अर्ज लिहिला जातो. अर्जात आधी कसे होते, आता कसे आहे आणि काय फरक पडला एवढेच असते. जे जमले नाही ते अर्जापर्यंत पोहोचतच नाही. अर्ज म्हणजे परवानगीची विनंती राहत नाही, झालेल्या कामाची नोंद होते. फोर्डकडून आणलेल्या पद्धतीत टोयोटाने केलेला खरा बदल हा आहे.

आपल्या 120 माणसांच्या कारखान्यात हाच बदल करून पाहू. पंधरा माणसांमागे एक सुपरवायझर धरला तर आठ सुपरवायझर होतात. त्याच 70 सूचना आठ जणांत वाटल्या की प्रत्येकाकडे महिन्याला नऊच्या आसपास येतात, म्हणजे आठवड्याला दोन. एकेका सूचनेवर मशीनजवळ उभे राहून दहा मिनिटे बोलले, तर महिन्याला दीड तास जातो. समितीला जे सहा महिन्यांत जमत नाही ते इथे महिन्याभरात आटोपते, आणि बोलणारा माणूस ते मशीन ओळखणारा असतो.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते एका कल्पित पण अगदी नेहमीच्या उदाहरणावरून पाहता येईल. ड्रिलिंग मशीनवर लोखंडाच्या ओतीव ब्रॅकेटला भोक पाडायचे आहे. ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो, पण भोक मधोमध नाही, तीन मिलिमीटर एका बाजूला आहे. ब्रॅकेट पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरमध्ये तो सुलटाही बसतो आणि उलटाही. शिफ्टच्या शेवटी, किंवा नवा माणूस मशीनवर असला की, आठवड्याला चार-पाच जॉब उलटे लागतात, भोक चुकीच्या बाजूला पडते आणि ब्रॅकेट भंगारात जातो. एकेक नग 180 रुपयांचा असेल, तर आठवड्याला सातशे ते नऊशे रुपये गेले. ही रक्कम कोणत्याही समितीच्या नजरेत भरणारी नाही, पण त्या मशीनवरच्या माणसाला त्यावरून रोज बोलणी खावी लागतात.

सोमवारी ऑपरेटर सुपरवायझरला म्हणतो, ‘‘साहेब, नव्या पोरांना लक्ष द्यायला सांगा, जॉब उलटा लावतात.’’ पेटीत ही चिठ्ठी पडली असती, तर समितीने ‘प्रशिक्षण द्यावे’ असा शेरा मारून ती निकालात काढली असती. सुपरवायझर जाणकार असेल तर तो विचारतो, ‘‘उलट्या आणि सुलट्या जॉबमध्ये हाताला काही फरक लागतो का रे?’’ ऑपरेटर दोन ब्रॅकेट शेजारी धरतो. एका कोपऱ्याला तिरपा काप आहे, बाकीचे तीन कोपरे चौकोनी आहेत. त्या कापाच्या जागी फिक्स्चरवर एक खुंटी उभी केली, तर सुलटा जॉब तिच्या बाजूने खाली बसेल, उलट्या जॉबचा चौकोनी कोपरा मात्र तिला अडेल आणि तो बसणारच नाही. जपानी लोक याला पोका-योके म्हणतात आणि आपल्याकडच्या शॉपफ्लोअरवरही आता हाच शब्द चालतो. चूक करू नका म्हणून सांगण्याऐवजी चूक होणारच नाही अशी अडचण मध्ये घालायची.

मंगळवारी खुंटीच्या जागी तात्पुरता एक बोल्ट लावून शंभर जॉब काढले. उलटा जॉब एकही बसला नाही, पण दुसरेच झंझट उभे राहिले. ड्रिलमधून निघणारा धातूचा कीस, ज्याला शॉपवर चिप्स म्हणतात, तो बोल्टच्या बुडाशी साचू लागला. त्यावर जॉब टेकला की तो किंचित उचलला जातो आणि भोक तिरके पडण्याची भीती निर्माण होते. दर दहा जॉबनंतर ब्रश मारावा लागत होता. इथे बऱ्याच चांगल्या कल्पना मरतात, कारण कोणीतरी म्हणते, ‘‘बघ, मी म्हटलेच होतं.’’ चाचणी छोटी आणि स्वस्त ठेवण्याचा फायदा असा की अशा वेळी मागे हटावे लागत नाही, फक्त दुरुस्ती करावी लागते. टूलरूमच्या माणसाने बोल्टऐवजी बारीक पिन सुचवली आणि तिच्या बुडाशी चिप्स निसटून जातील अशी एक खाच काढून दिली. गुरुवारी पुन्हा शंभर जॉब झाले. क्वालिटीच्या माणसाने दर दहावा जॉब काढून भोकाची जागा मोजली. खर्च पिन आणि टूलरूमचा तासभर, सगळे मिळून तीनेकशे रुपये.

शुक्रवारी कागद लिहिला गेला. आधी, नंतर, फरक, आणि आणखी एक रकाना: हे दुसरीकडे कुठे लागू पडेल? त्याच घडणीच्या ब्रॅकेटची आणखी दोन फिक्स्चर होती. हा चौथा रकाना बरेच कारखाने ठेवत नाहीत आणि मग तीच कल्पना शेजारच्या मशीनवर दोन वर्षांनी पुन्हा कोणाला तरी सुचते.

ऑपरेटरने सोमवारी तोंड उघडले आणि शुक्रवारी त्याची पिन मशीनवर होती. पुढच्या महिन्यात तो पुन्हा बोलेल. त्याहून महत्त्वाचे, शेजारच्या मशीनवरच्या माणसाने हे सगळे पाहिलेले असते.

सुपरवायझरला सगळेच ठरवू द्यायचे का? नाही, आणि इथे नियम स्पष्ट हवा. वाहनउद्योगाला भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत ग्राहक कंपनीने मंजूर केलेली प्रक्रिया परस्पर बदलता येत नाही. आपल्या उदाहरणातली पिन फक्त उलटा जॉब अडवते. जॉब कुठे टेकतो आणि कशाने पकडला जातो, हे तिने बदलले नाही. म्हणून क्वालिटीच्या मोजणीनंतर आणि कागदोपत्री नोंद करून तो बदल कारखान्याच्या पातळीवर होऊ शकला. तीच पिन जॉबची जागा ठरवणारी असती, तर प्रकरण ग्राहकाच्या मंजुरीपर्यंत गेले असते. म्हणून चालणाऱ्या योजनांत सूचनांच्या तीन वाटा ठरलेल्या असतात. आपल्या मशीनपुरती, ठरावीक रकमेच्या आतली, समजा दोन हजारांच्या आतली गोष्ट सुपरवायझर त्याच आठवड्यात ठरवतो. दुसऱ्या विभागावर परिणाम होणार असेल तर दोन विभागांचे प्रमुख बसतात. ड्रॉइंग, सुरक्षिततेचे गार्ड आणि ग्राहकाची मंजुरी यांना हात लागत असेल तर मात्र ते समितीकडे जाते. समिती राहतेच, पण तिच्याकडे 70 ऐवजी सहा-सात सूचना येतात आणि त्या खरोखर तासभर चर्चा करण्यासारख्या असतात.

पहिल्या महिन्यातल्या सूचनांत आणखी एक गोष्ट हमखास असते: स्वच्छतागृहाला पाणी नाही, कॅन्टीनची भाजी पाणचट, बस उशिरा येते, बोनस. ‘या सूचना नव्हेत, तक्रारी आहेत’ म्हणून त्या बाजूला ठेवण्याचा मोह होतो. वर्गीकरण म्हणून ते बरोबर आहे, वागणूक म्हणून घातक. नळाला पाणी न आणता मशीनच्या सुधारणा मागणाऱ्या व्यवस्थापनावर कोण विश्वास ठेवील? पहिल्या महिन्यात यातल्या चार-पाच गोष्टी झटपट करून टाकाव्यात. बोनससारख्या गोष्टींची जागा युनियन आणि व्यवस्थापनाच्या बोलणीत आहे, हे तोंडावर सांगून टाकावे. कायझेन हा शब्द जगभर पोहोचवणारे मासाकी इमाई यांनी 1986 च्या आपल्या पुस्तकात सूचना-पद्धतीचे तीन टप्पे सांगितले आहेत. आधी लोकांना बोलते करा, सूचना कितीही साध्या असोत. मग त्यांना प्रश्न नीट पाहायला शिकवा. पैशांतला फायदा तिसऱ्या टप्प्यात मोजा. या सगळ्याला पाच ते दहा वर्षे लागतील असे धरून चाला, असेही ते म्हणतात. आपल्याकडे तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करण्याची घाई असते. पहिल्याच अर्जात ‘वार्षिक बचत रुपये’ हा रकाना असतो आणि ज्याला तो भरता येत नाही तो अर्ज परत खिशात घालतो.

बक्षिसाची गोष्ट यालाच जोडून येते. वाचलेल्या पैशांतला ठरावीक हिस्सा सुचवणाऱ्याला द्यायचा, ही पद्धत कागदावर न्याय्य दिसते. पण मग बचत मोजणार कोण? टूलरूमवाल्याने खाच सुचवली नसती तर पिन चाललीच नसती, मग त्याचा वाटा किती? उत्पादन वाढल्यामुळे बचत वाढली तर वाढीव हिस्सा द्यायचा का? बक्षीस मोठे झाले की माणूस आपली कल्पना शेजाऱ्यापासून लपवू लागतो, आणि ब्रॅकेटसारख्या गोष्टी तर शेजाऱ्याशी बोलतानाच सुधारतात. टोयोटात बक्षिसे पाचशे येनपासून सुरू होत. बहुतेक सूचनांना मिळणारी रक्कम किरकोळच असे. छोटी, ठरलेली, पटकन हातात पडणारी रक्कम, आणि ती गटाने वाटून घेण्याची मुभा, एवढ्याने भागते. एक गोष्ट मात्र आधीच लेखी सांगावी लागते: कोणाच्याही सूचनेमुळे कोणाचेही काम जाणार नाही. चार माणसांचे काम तिघांत बसवणारी सूचना आली आणि चौथ्याला घरी पाठवले, तर त्या कारखान्यात त्यानंतर सूचना येणार नाहीत, कितीही बक्षीस लावा.

पुणे-पिंपरीच्या पट्ट्यात गेली काही दशके कायझेन रुजले आहे, आणि त्याबरोबर त्याचा एक रोगही आला आहे. ‘प्रत्येकाने महिन्याला एक कायझेन’ असे टार्गेट लावले जाते. टार्गेट पूर्ण होते, सुधारणा होत नाहीत. जमिनीवर पिवळा पट्टा मारून आधी-नंतरचे फोटो काढले जातात. जुने कायझेन नाव बदलून पुन्हा भरले जाते. सुपरवायझर स्वतः बसून दहा जणांचे अर्ज लिहून टाकतो. हे ओळखणे अवघड नाही. अर्जांच्या तारखा पाहाव्यात. बहुतेक महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत असतील तर काय ते समजावे. अक्षर पाहावे. आणि तीन महिन्यांनी हातात अर्ज घेऊन त्या मशीनपाशी जावे. पिन जागेवर आहे का? की कोणीतरी ‘घाईत अडते’ म्हणून काढून ठेवली? काढली असेल तर काढणाऱ्याला रागावण्याआधी ती का अडत होती ते विचारावे, कारण त्यातच पुढची सूचना असते.

मोजायचेच असेल तर एकूण सूचनांचा आकडा सोडून दुसऱ्या दोन गोष्टी मोजाव्यात. एक, बोलल्यापासून पहिले उत्तर मिळेपर्यंत किती दिवस गेले. नकार असला तरी चालतो. तो कारणासह, समोरासमोर आणि त्याच आठवड्यात मिळाला पाहिजे. दोन, पहिली सूचना देणाऱ्यांपैकी कितींनी दुसरी दिली. पहिली सूचना कुतूहलाने किंवा भेटवस्तूसाठीही येते. दुसरी तेव्हाच येते जेव्हा पहिलीचे काहीतरी झालेले असते. एखाद्या सुपरवायझरच्या गटात दुसरी सूचना येतच नसेल, तर त्या गटातली माणसे निरुत्साही आहेत असे समजण्याआधी सुपरवायझरशी बोलावे. कदाचित त्याला प्रत्येक सूचना ही आपल्यावरची टीका वाटत असेल: माझ्या लाइनवर इतकी वर्षे हे चुकत होते, असे वर कळेल! त्याच्या वार्षिक मूल्यमापनात गटाच्या अमलात आलेल्या सूचना त्याच्या बाजूने धरल्या गेल्या, तर ही भीती लवकर जाते.

एका मोठ्या गटाचा विचार बहुतेक योजनांत केलेलाच नसतो. आपल्या औद्योगिक वसाहतींत मशीनवर उभ्या असलेल्यांपैकी बरेच जण ठेकेदारामार्फत आलेले असतात. कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा, कोणी नांदेड-लातूरकडचा. योजनेचा अर्ज इंग्रजीत, आणि नियमात लिहिलेले ‘कायम कामगारांसाठी’. ब्रॅकेट उलटा लावणारा नवा मुलगा यातलाच असतो आणि तो उलटा का लागतो हे सगळ्यात नीट त्यालाच माहीत असते. त्याला लिहायला लावू नये. तो हिंदीत सांगेल, सुपरवायझरने चार ओळी लिहाव्यात आणि अर्जावर नाव त्या मुलाचे घालावे. बक्षिसाची रक्कम ठेकेदाराच्या बिलातून फिरवत न बसता त्याच्या हातात द्यावी, आणि तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या कारखान्यात जाणार असेल तर निदान ती त्याआधी द्यावी.